बारा लाखांतले गुंतवायचे किती?

माझा मामेभाऊ चिंचवडला राहतो. वय ४६. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो गुणवत्ता विभागाचा व्यवस्थापक होता. जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीने एक उत्पादन लाइन बंद केली, आणि ३१ जुलै हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. नोकरी १४ वर्षं ७ महिन्यांची. मी बँकेत ३१ वर्षं काढून निवृत्त झाले आहे, म्हणून त्याचा पहिला फोन मला आला. त्याचा प्रश्न असा: "ताई, बाराएक लाख येतायत. कुठे गुंतवू?"

पुढे सहा महिने आम्ही या प्रश्नाशीच झगडत होतो. खरं तर तो प्रश्नच चुकीचा होता, पण ते आम्हाला कळलं सगळे आकडे कागदावर उतरल्यावर. त्याच्या परवानगीने ते आकडे इथे मांडते. नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

आलेले पैसे तीन जातींचे होते

कंपनीच्या अंतिम हिशोबाच्या कागदावर तीन रकमा होत्या. आधी ग्रॅच्युइटी. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२ हजार. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १४ वर्षं ७ महिन्यांची १५ वर्षं झाली. हिशोब बसला ४ लाख ५० हजारांचा. कायद्याच्या सूत्राप्रमाणे मिळालेली आणि २० लाखांच्या आतली असल्यामुळे ही रक्कम पूर्ण करमुक्त.

साठलेल्या साठ दिवसांच्या रजेचे १ लाख ४ हजार मिळाले. तेही करमुक्त.

तिसरी रक्कम सर्वांत मोठी होती. सहा महिन्यांचा पूर्ण पगार, म्हणजे ६ लाख ६० हजार, 'सेव्हरन्स' म्हणून. हीदेखील करमुक्तच असणार अशी त्याची पक्की समजूत होती, कारण कोणीतरी त्याला 'छाटणीची भरपाई पाच लाखांपर्यंत माफ असते' असं सांगितलं होतं. ती सवलत तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'कामगारा'साठी होती. हा व्यवस्थापक, हाताखाली अकरा माणसं. त्याची भरपाई पगारासारखीच धरली जाते आणि तिच्यावर पूर्ण कर लागतो. एकरकमी मिळालेल्या पगारावरचा कर कमी करून मागायचा फॉर्म १०ई भरून काही सवलत निघते का तेही पाहिलं. पण त्या वर्षाचं एकूण उत्पन्न आधीच्या वर्षांपेक्षा जास्त नव्हतंच, त्यामुळे काही निघालं नाही.

कंपनीने हिशोबाच्या वेळी ४३ हजार कर कापला. बँकेत आले ११ लाख ७१ हजार. सेव्हरन्स आणि रजेचे पैसे १४ ऑगस्टला आले, ग्रॅच्युइटी २९ ला. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. त्यासाठी त्याने अर्ज दिला आणि पोच घेतली. अडकलेला जुलैचा पगारही याच वेळी मिळाला, आणि क्रेडिट कार्डाची ३८ हजारांची थकबाकी व ऑगस्टचा घरखर्च यांत तो संपला. कार्डाची बाकी आधी फेडायची याबद्दल आमच्यात वाद झाला नाही. ज्या कर्जावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, ते समोर असताना मुदत ठेवीच्या दराची चर्चा करणं म्हणजे वेडेपणा.

खर्च किती, हे त्याला ठाऊक नव्हतं

"महिन्याला साठएक हजार लागतात," तो म्हणाला. मी त्याला बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढायला लावलं. वहिनी पेन घेऊन बसली आणि मी फोनवर. सहा हजारांची एसआयपी आणि बाहेरचं खाणंपिणं वगळलं. दर महिन्याला चुकणारच नाही असं काय उरतं ते पाहिलं. घरकर्जाचा हप्ता ३१ हजार. किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, फोन आणि पेट्रोल धरून २४ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजार, मामीच्या औषधांचे साडेचार. बेरीज ६३ हजार. म्हणजे त्याचा अंदाज फार चुकलेला नव्हता.

चूक होती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची. मुलाच्या कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता ५५ हजार, नोव्हेंबरात. एलआयसी २६ हजार, जानेवारीत. गाडीचा विमा ११ हजार, फेब्रुवारीत. आणि आता नवाच उपटलेला आरोग्य विमा, वर्षाला ३४ हजार, पुढचा हप्ता ऑगस्टमध्ये. मिळून १ लाख २६ हजार. पगार चालू असताना हे खर्च बोनसमधून नाहीतर कार्डावर निघून जायचे, त्यामुळे ते 'महिन्याच्या खर्चा'त कधी मोजलेच गेले नव्हते. सरासरी काढली तर महिना साडेत्र्याहत्तर हजारांवर गेला.

पण सरासरीही फसवी असते. वर्षाचे हे चार खर्च सारखे विभागून येत नाहीत. त्याच्या बाबतीत चारांतले तीन पहिल्या सहा महिन्यांतच होते. म्हणून आम्ही कॅलेंडरच मांडलं: सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५, कोणत्या महिन्यात किती लागणार. वर्षाची बेरीज ८ लाख ८२ हजार.

बाराच महिने का? सहा महिने पुरेत असं सगळीकडे वाचायला मिळतं. पंचविशीतल्या, एकट्या, भाड्याने राहणाऱ्या मुलासाठी सहा पुरत असतीलही. इथे वय ४६, घरात एकच पगार, डोक्यावर हप्ता, आणि धंदा असा की चाकण-भोसरीत एका कंपनीने हात आखडला की शेजारची कंपनीही आखडते. वहिनीच्या शिकवण्यांचे महिन्याला आठ-नऊ हजार येतात, ते मी मुद्दाम धरले नाहीत. मुलं सुट्टीत गावी गेली की ते येत नाहीत.

नवी नोकरी लागली तर कराचा खड्डा

हा भाग त्याच्या नजरेतून पूर्ण सुटला होता. माझ्याही नजरेतून सुटलाच असता, पण शाखेत असताना एका खातेदाराला मार्चअखेर याच कारणाने ठेव मोडताना पाहिलं होतं.

एप्रिल ते जुलैचा पगार आणि सेव्हरन्स मिळून त्याचं त्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न ११ लाख झालं होतं. नव्या करप्रणालीत त्यावर साधारण ५६ हजार कर बसत होता आणि कंपनीने एप्रिलपासून एकूण ७० हजार कापले होते. म्हणजे वर्षभर नोकरी लागली नाही तर उलट परतावा मिळणार. पण समजा डिसेंबरपासून लाखभर पगाराची नोकरी लागली. नव्या कंपनीला फक्त तिने दिलेले चार लाखच दिसतात. एवढ्या रकमेवर कर बसत नाही, म्हणून ती काहीच कापणार नाही. दोन्ही उत्पन्नं एकत्र केली की कर १ लाख ३० हजारांवर जातो, आणि ६० हजारांची तूट पडते. ही तूट आगाऊ कर म्हणून मार्चच्या मध्यापर्यंत स्वतःच भरायची असते.

नव्या नोकरीत रुजू होताना आधीच्या कंपनीचं उत्पन्न फॉर्म १२बी भरून कळवलं, तर हा कर पगारातून कापला जातो. कुठून तरी जाणार तर आहेच. म्हणून ठेवींच्या व्याजावरचा करही धरून ७५ हजार 'हे आपले नाहीत' म्हणत बाजूला काढले. (एप्रिल २०२५ पासून स्लॅब बदलले, त्यामुळे हे आकडे आज तसेच लावू नका. पण एका वर्षात दोन कंपन्या असल्या की असा खड्डा पडतो, ते मात्र बदललेलं नाही.)

आता वजाबाकी करा. ११ लाख ७१ हजारांतून वर्षाचा खर्च ८ लाख ८२ हजार आणि करासाठी ७५ हजार गेले. उरले २ लाख १४ हजार.

'बाराएक लाख कुठे गुंतवू' या प्रश्नातले गुंतवण्याजोगे पैसे फार तर एवढेच. बाकीचा पुढच्या वर्षाचा पगार होता. तो एकरकमी आला, इतकंच. हे पाहून तो बराच वेळ गप्प होता.

चार सल्ले

पैसे येण्याआधीच सल्ले आले होते. पहिला त्याच्याच मनातला: घरकर्ज फेडून टाकू. बाकी कर्ज १९ लाख, व्याज ८.९ टक्के. नऊ लाख भरले की डोक्यावरचं ओझं अर्धं होईल. मोहात पाडणारा विचार होता, कारण मुदत ठेवीवर पावणेसात-सात टक्के मिळणार, त्यावरही कर, आणि इकडे ८.९ टक्के वाचणार.

पण बँकेत अंशतः परतफेड केली आणि काही सांगितलं नाही, तर बहुधा हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. त्याचं जवळपास सात वर्षांचं कर्ज तीन वर्षांवर आलं असतं आणि दर महिन्याला ३१ हजार तसेच गेले असते. अर्ज देऊन हप्ता कमी करून घेतला असता तरी तो १६ हजारांच्या आसपास आला असता. म्हणजे महिन्याचा सरासरी खर्च ५९ हजार आणि हातात उरलेले २ लाख ७१ हजार. साडेचार महिन्यांत खडखडाट. आणि एकदा भरलेले नऊ लाख बँक परत देत नाही. त्यासाठी टॉप-अप कर्ज मागावं लागतं, आणि बँक त्यासाठी आधी पगाराची स्लिप मागते. त्याच्याकडे नेमकी तीच नव्हती.

पैसे मोकळे ठेवल्याची किंमतही मी काढून दाखवली. नऊ लाखांवर दोन टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला १८-१९ हजार, तोही पैसे वर्षभर तसेच पडून राहिले तर. महिन्याला दीड हजारात वर्षभराची झोप मिळते. मला तरी ते स्वस्त वाटलं.

दुसरा सल्ला मित्राचा: ओळखीची पतसंस्था, साडेनऊ टक्के. इथे मी जरा आवाज चढवला. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. दर ठेवीदाराला दर बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्था बँक नसते. तिला हे संरक्षण नाही. बाहेरची पाटी, आतला काउंटर, पासबुक सगळं बँकेसारखंच दिसतं, त्यामुळे निम्म्या लोकांना हा फरक माहीतच नसतो. त्याच्या मित्रालाही नव्हता.

आणि विमा असला तरी पैसा वेळेवर मिळेलच असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आमचं हे प्रकरण चालू असतानाच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि पहिले दोन आठवडे एक रुपयाही काढता येत नव्हता. आता कायद्याने विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. पण ज्याच्या घरात पगार नाही, त्याने हे ९० दिवस काढायचे कसे? सगळ्या सहकारी बँका वाईट असं मी म्हणत नाही, माझंही एका बँकेत खातं आहे. पण बेकारीतला किराणा तिथे ठेवू नये.

तिसरा सल्ला सासऱ्यांचा: पोस्टाची मासिक प्राप्ती योजना. सुरक्षित आहे, यात शंका नाही. त्या वेळचा दर ७.४ टक्के, आणि एका नावावर जास्तीत जास्त नऊ लाख. त्याचे महिन्याला मिळतात ५,५५०. खर्च ६३ हजार. शिवाय पहिलं वर्षभर मुद्दलाला हात लावता येत नाही, पुढे तीन वर्षांपर्यंत मोडलं तर दोन टक्के कापतात. ही योजना ज्यांचं मुद्दल तसंच राहणार आहे त्यांच्यासाठी. याला तर मुद्दलच खायचं होतं. हे सासऱ्यांना समजावताना त्याची जी तारांबळ उडाली, ती वेगळीच गोष्ट.

चौथा सल्ला भाच्याचा: "मामा, मार्केट जोरात आहे." ऑगस्ट २०२४ मध्ये खरंच होतं. निफ्टी सप्टेंबरअखेरीस २६,२०० च्या वर गेला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,१०० च्या खाली होता, म्हणजे साधारण १६ टक्के घट. हे आम्हाला आधी कळलं होतं असं नाही. नेमक्या ज्या महिन्यांत त्याला पैसे काढायचे होते, त्याच महिन्यांत बाजार पडेल की चढेल हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून नाही म्हटलं. जुनी एसआयपी थांबवली, आधीची युनिट्स मात्र विकली नाहीत. लिक्विड फंडाचा, म्हणजे लगेच पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडाचाही विषय निघाला. वाईट पर्याय नाही तो. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गुंतवणुकीवर त्याचा कर ठेवीच्या व्याजासारखाच लागतो, आणि वहिनीला ते अॅप वापरता येत नव्हतं. घरातल्या दुसऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता पैसे काढता आले पाहिजेत, ही माझी अट होती.

प्रत्यक्ष मांडणी

त्याचं पगाराचं खातं ज्या बँकेत, घरकर्जही तिथेच. हिशोबाचे पैसे तिथेच आले. आम्ही पहिल्या आठवड्यात ते तिथून हलवले. कर्ज देणाऱ्या बँकेला थकलेल्या हप्त्यापोटी त्याच कर्जदाराच्या ठेवीतून वसुली करायचा हक्क असतो. हप्ता थकवायचा बेत नव्हता, पण पुढे कधी दोन महिने हप्ता थांबवून औषधांना पैसे वापरायची वेळ आली, तर तो निर्णय आपल्या हातात असावा. शिवाय काही महिने पगार जमा झाला नाही की पगार खात्याचं साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीचा नियम लागू होतो. त्याने तिथे एका हप्त्यापुरतेच पैसे ठेवले आणि दर महिन्याला दुसरीकडून भर घातली.

एका राष्ट्रीयीकृत बँकेतल्या त्याच्या बचत खात्यात सप्टेंबर ते नोव्हेंबरचे १ लाख ८९ हजार ठेवले. तिथेच वर्षाच्या खर्चांच्या चार छोट्या मुदत ठेवी केल्या, प्रत्येकीची मुदत तो खर्च येण्याच्या आठवडाभर आधी संपेल अशी. करासाठीचे ७५ हजार १० मार्चला सुटतील असे ठेवले, कारण आगाऊ कराची शेवटची तारीख १५ मार्च. या बँकेत एकूण ३ लाख ९० हजार.

डिसेंबर ते ऑगस्ट या नऊ महिन्यांसाठी दुसऱ्या मोठ्या बँकेत ६३ हजारांच्या नऊ ठेवी केल्या. दर महिन्याच्या एक तारखेला एक सुटायची. पाच त्याच्या नावावर, चार वहिनीचं नाव पहिलं ठेवून संयुक्त. नावांचा क्रम बदलला की विम्यासाठी ती वेगळी ठेव धरली जाते, म्हणून कोणत्याही बाजूला पाच लाखांची रेघ ओलांडली गेली नाही. खरं सांगायचं तर अशा बँकेत पाच लाखांच्या मर्यादेची मला फारशी चिंता नव्हती. दोन बँका ठेवण्याचं माझं मुख्य कारण साधं होतं: एकीचं अॅप बंद पडलं, कार्ड हरवलं, केवायसीसाठी खातं अडकलं, तरी दुसरी चालू असते.

"नऊ कशाला, एकच साडेपाच लाखांची करू. दर जास्त मिळेल," असं तो म्हणाला. कमी मुदतीला दर थोडा कमी असतो, हे खरं. पण मोठी ठेव मध्येच मोडली की सगळ्या रकमेवर दंड बसतो, छोट्यांपैकी एक मोडली की फक्त तिच्यावर. ६३ हजारांची ठेव चार महिन्यांनी मोडली आणि एक टक्का दंड बसला, तर नुकसान दोनशे दहा रुपये.

उरलेले २ लाख १४ हजार वहिनीचं नाव पहिलं असलेल्या संयुक्त खात्यात, ऑटो स्वीप लावून. ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि गरज पडली की तेवढेच सुटून खात्यात येतात. यात त्याला 'काहीतरी गुंतवायचं' होतं. मी म्हटलं, नोकरी लागेपर्यंत नाही.

भविष्य निर्वाह निधीत आणखी नऊएक लाख होते. त्याला हात लावला नाही. ८.२५ टक्के मिळत होते, आणि तो आमचा दुसरा बांध होता. फक्त पोर्टलवर जाऊन नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली आहे ना, आधार आणि खात्यावरचं नाव जुळतं ना, एवढं तपासलं. नावात एका अक्षराचा फरक निघाला. तो दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले. पैशांची घाई असताना हे कळलं असतं तर? त्या वेळी दोन महिने बेकार राहिल्यावर पूर्ण रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने ही मुदत १२ महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'पीएफ आहेच' या भरवशावर आता पूर्वीसारखं राहू नये.

चुकलं काय

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि तसं केलं तर जुन्या आजारांसाठी आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. पण त्यासाठी अर्ज नोकरी असतानाच द्यायला हवा. त्याने स्वतःचा, वहिनीचा आणि मुलाचा दिला. मामीचा हप्ता वेगळा आणि जड होता, म्हणून "तिचं नंतर बघू" म्हणाला. मी रेटायला हवं होतं. रेटलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय ६७. रात्री साडेदहाला दाखल केलं तेव्हा काउंटरवर एक लाख आगाऊ मागितले. राज्याच्या जनआरोग्य योजनेची चौकशी केली, ते रुग्णालय यादीत नव्हतं, आणि त्या अवस्थेत त्यांना दुसरीकडे हलवायला कोणी तयार नव्हतं. वहिनीने डेबिट कार्ड लावलं. स्वीपमधली ठेव आपोआप मोडली, पैसे गेले. नंतर खात्यात पाहिलं तर व्याजाचं नुकसान चारशेच्या आसपास होतं.

एकूण बिल आलं १ लाख ८५ हजार. 'गुंतवायचे' म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशातून ते बसलं, २९ हजार उरले.

शेवटचं बिल भरायच्या दिवशी एक गोंधळ झाला. हप्त्याच्या खात्यात पैसे पाठवायला तो शाखेत संयुक्त ठेवींपैकी एक मोडायला गेला. या चार ठेवी आम्ही काउंटरवर कागदी पावतीने केल्या होत्या. 'दोघांपैकी कोणीही' असं लिहिलेलं असूनही मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या मागितल्या. वहिनी रुग्णालयात. मुदत संपल्यावर एकाची सही चालते, त्याआधी मोडायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी दोघांची लागते. इतकी वर्षं काउंटरच्या आतून मी लोकांना हेच सांगत आले होते, आणि स्वतःच्या घरात विसरले. त्याच संध्याकाळी त्याच्या एकट्याच्या नावावरची, अॅपवरून केलेली ठेव दोन मिनिटांत मोडली. पुढची संयुक्त ठेव सुटल्यावर आम्ही ती कागदावर परत केली नाही.

जानेवारीनंतर

१ जानेवारी २०२५ ला त्याला रांजणगावजवळ नोकरी लागली. पगार ९५ हजार, आधीपेक्षा १५ हजारांनी कमी. पहिला पगार जानेवारीअखेरीस आला. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत फी आणि एलआयसी धरून ३ लाख ९६ हजार खर्च झाले. सरासरीने मोजलं असतं तर २८ हजार कमी धरले गेले असते. फॉर्म १२बी द्यायला तो विसरलाच. ४० हजारांची तूट १० मार्चला सुटलेल्या ठेवीतून भरली.

मार्चअखेर व्याज सोडून साडेपाच लाख शिल्लक होते. फोन आला, "ताई, आता तरी कर्जात भरू का?" मी विचारलं, प्रोबेशन कधी संपतं? जूनअखेर. मग ऑगस्टपर्यंतच्या ठेवी आहेत तशा सुटू देत, सुटेल ती परत सहा महिन्यांसाठी ठेव, आणि आधी मामींच्या विम्याचं बघ. त्याने तीन कंपन्यांकडे विचारलं. एकीने खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे नाकारलं, दुसरीने दीडपट हप्ता सांगितला, तिसरीचं उत्तर अजून यायचं आहे.